षटकार गालावर, बिल कुणाच्या माथी?

*वकीलसाहेब, आमच्या यांना क्रिकेटचं भारी वेड. गेल्या महिन्यात इथल्या मैदानावर लेदर बॉलची स्पर्धा होती. ५० रुपयांचा पास. पायऱ्यांवर ऊन म्हणून हे मिडविकेटच्या बाजूला, दोरीपासून सात-आठ फुटांवर, झाडाखाली खुर्ची टाकून बसले. थर्मासमधला चहा ओतायला वाकले, मान वर करतात तो षटकार थेट गालावर. डोळ्याखालचं हाड मोडलं, प्लेट बसवावी लागली. नजर शाबूत आहे ही देवाची कृपा. बिल १ लाख ६४ हजार. मंडळाचे अध्यक्ष शहाळी घेऊन भेटायला आले, पण खर्चाचा विषय काढल्यावर म्हणाले, "वहिनी, मॅच बघायला आलं की बॉल कधीतरी लागणारच." पासाच्या मागे बारीक अक्षरांत "इजा झाल्यास मंडळ जबाबदार नाही" असं छापलंय. माझा भाचा लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणतो, पाच लाखांची नोटीस ठोकू, कारण त्या दिवशी साइटस्क्रीनमागची जाळी मंडप घालायला अर्धी काढली होती. ठोकावी का?*

*– एक भगिनी, सांगली जिल्हा*

ताई, ठोकू नका. नोटिशीवर ज्याचं घर चालतं तोच माणूस हे सांगतोय. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून हा दावा उभा राहत नाही. अध्यक्षांचं बोलणं कडू आहे, आणि आजाऱ्याच्या घरात बसून ते बोलायला नको होतं, पण कायद्याच्या दृष्टीनं ते बरंचसं बरोबर आहे. बरंचसं म्हणतोय, पुरतं नाही. जे उरतं त्यात तुमच्या भाच्याची जाळी येते. तिच्याकडे वळतोच, पण आधी अध्यक्ष बरोबर का ठरतात ते बघू.

आपल्याकडे अशा इजांच्या भरपाईचं कलमवार पुस्तक नाही. खून-मारामारीला संहिता आहे, करारांना कायदा आहे, पण "तुझ्या निष्काळजीपणानं मला लागलं, पैसे दे" हा दावा न्यायाधीशांच्या जुन्या निकालांवरच चालतो. त्यातले बरेच निकाल इंग्लंडचे आहेत. ते आपल्या कोर्टावर बंधनकारक नाहीत, पण आपल्या वरच्या कोर्टांचा नेमका निकाल हाताशी नसला की वकील तेच काढतात आणि न्यायाधीश ते ऐकून घेतात. त्यात एक जुनं लॅटिन वचन आहे, व्होलेंटाय नॉन फिट इन्ज्युरिया. भाच्याला ते पाठ असेल. अर्थ असा, की जो राजीखुशीनं धोका पत्करतो त्याला त्या धोक्याबद्दल तक्रार करता येत नाही.

प्रेक्षकांच्या बाबतीत ज्या खटल्यावरून सगळे मोजमाप करतात तो मोटारींच्या शर्यतीचा आहे. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात ब्रुकलंड्स नावाचा शर्यतीचा ट्रॅक १९०७ मध्ये सुरू झाला. तिकीट काढून लोक कठड्यामागे उभे राहायचे. कठड्याच्या आत सिमेंटची बुटकी कड होती, गाडी घसरली तर अडावी म्हणून. १९३० मध्ये तिथल्या एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत दोन गाड्या एकमेकींना घासल्या, त्यातली एक कड ओलांडून हवेत उडाली आणि कठडा तोडून लोकांत शिरली. दोन प्रेक्षक गेले, कित्येक जखमी झाले. जखमींपैकी एकानं ट्रॅक चालवणाऱ्या क्लबवर दावा लावला. खाली ज्युरीनं त्याच्या बाजूनं कौल दिला. साहजिक आहे, समोर मोडलेला माणूस बसलाय आणि पलीकडे पैसेवाला क्लब. अपील कोर्टानं तो फिरवला. ट्रॅक सुरू झाल्यापासूनच्या २३ वर्षांत एकही गाडी कठडा ओलांडून गेली नव्हती. कोर्टानं विचारलं, मग क्लबनं करायचं काय राहिलं? जी खबरदारी समंजस माणूस घेईल ती घेतली होती. अशक्यप्राय गोष्टीपासून हमी द्यायला क्लब विमा कंपनी नाही. आणि बोलता बोलता न्यायाधीशांनी क्रिकेटचं उदाहरण दिलं. मैदानातून जोरात आलेला चेंडू एकाही प्रेक्षकाला कधी लागणारच नाही, इतक्या जाळ्या उभारण्याची अपेक्षा पैसे घेणाऱ्याकडून कुणी करत नाही. बसायची जागा सुरक्षित असली पाहिजे, खेळातला धोका मात्र बघणाऱ्याचा.

यातली गंमत बघा. लोक म्हणतात "प्रेक्षकानं संमती दिली म्हणून हरला". खरं तर कोर्ट त्या दारापर्यंत पोचतच नाही. पहिलं दार निष्काळजीपणाचं. मंडळानं काही चुकीचं केलं का, किंवा करायला हवं ते टाळलं का? याचं उत्तर "नाही" आलं की खटला तिथेच संपतो, संमती विचारायची गरजच पडत नाही. उत्तर "हो" आलं तर दुसरं दार, तो नेमका धोका तुमच्या यजमानांनी पत्करला होता का. षटकाराच्या बाबतीत ही दोन्ही दारं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की जुने निकालही कधी एका दारातून जातात, कधी दुसऱ्या. तुम्हाला मात्र दोन्ही ओलांडावी लागतील.

फलंदाजावर दावा लावायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. षटकार मारणं हे त्याचं कामच. तो सरळ चेंडू खेळत असेल, कितीही जोरात मारत असेल, तरी त्यात चूक नाही. चिडून त्यानं बॅट लोकांत भिरकावली असती तर गोष्ट वेगळी होती. खेळाच्या ओघात जे घडतं आणि खेळ सोडून जे केलं जातं, त्यांत फरक आहे.

"पण हे बघतच नव्हते, चहा ओतत होते" असं तुमच्या मनात येईल. त्याचा उपयोग होत नाही. धोका पत्करला तो खुर्ची टाकली तेव्हा, चेंडू आला त्या क्षणी नाही. क्रिकेट माहीत असलेला माणूस दोरीजवळ बसला म्हणजे चेंडू इथे येऊ शकतो हे त्यानं ओळखलंच होतं. त्यांना क्रिकेटचं वेड आहे हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, वर पायऱ्या होत्या पण ऊन म्हणून तिथे बसले नाहीत हेही लिहिलंय. मंडळाचा वकील उलटतपासणीत हे दोनच प्रश्न विचारेल, "किती वर्षं क्रिकेट बघता?" आणि "मागे बसायला जागा होती ना?", आणि खाली बसेल. एखाद्याला खेळाची ओळखच नसेल तर काय, असा प्रश्न इंग्लंडमध्ये १९५१ च्या एका निकालात जवळपास आला होता. हॅरिंगे इथल्या बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यात सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याला पक लागला. पक म्हणजे त्या खेळातली कडक रबराची चकती. सहा वर्षांचं पोर काय संमती देणार? पण कोर्टानं बघितलं ते आयोजकांचं वागणं, आणि त्यात कसूर सापडली नाही म्हणून दावा गेला. मला हा निकाल कधीच रुचला नाही, पण पहिलं दार किती जड आहे ते त्यावरून कळतं.

आता जाळी. तुमच्या पत्रातलं ते वाक्य मी तीनदा वाचलं, कारण दाव्यात जीव असलाच तर तो तिथे आहे. भाच्याचं डोकं चालतंय, फक्त एक पाऊल आधी थांबलंय.

तुमच्या घटनेच्या जवळची घटना मला अमेरिकेत सापडते. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स या गावी शाळेचं बेसबॉलचं मैदान होतं. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या बरोबर मागे उंच जाळी असते, कारण बॅटची कड लागून चेंडू सगळ्यात जास्त वेगानं आणि सगळ्यात जास्त वेळा तिकडेच जातो. या मैदानावरची जाळी २४ फूट उंच आणि ५० फूट रुंद होती. तिच्या दोन्ही टोकांपासून पुढे, मैदानाच्या कडेनं, फक्त ३ फूट उंचीचं तारेचं कुंपण. एक बाई सामना बघायला आली, जाळीमागे न जाता पुढे त्या बुटक्या कुंपणाशी उभी राहिली. काही मिनिटांतच उडालेला चेंडू तिच्या डोळ्यावर बसला, कायमची इजा झाली. ज्युरीनं शाळेला जबाबदार धरलं. १९८१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं तो निकाल उलटवला. एकमत नव्हतं, पण बहुमताचं म्हणणं असं: जिथे धोका सर्वांत जास्त तिथे शाळेनं पुरेशी जाळी लावली होती आणि जाळीमागे बसू इच्छिणाऱ्यांना साधारणपणे पुरेल इतकी जागाही होती. कडेला उभं राहणाऱ्याला सगळं दिसतं, मध्ये तारा येत नाहीत, म्हणून कित्येक जण मुद्दाम तिथे उभे राहतात. त्यांच्यासाठी सगळं मैदान जाळीत कोंडण्याची सक्ती नाही.

हे तुमच्या मैदानावर लावून बघा. साइटस्क्रीन कुठे असतो? खेळपट्टीच्या रेषेत, दोन्ही टोकांना. तिथली जाळी कशासाठी? सरळ मारलेले आणि यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेलेले चेंडू पलीकडच्या घरांवर किंवा रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून. तुमचे यजमान बसले होते मिडविकेटला, म्हणजे खेळपट्टीच्या बगलेला. त्या टोकाची जाळी पूर्ण उभी असती तरी त्यांच्या खुर्चीसमोर तिचा एक दोराही आला नसता. मंडपासाठी जाळी काढणं हा मंडळाचा ढिलेपणा असेल, मी म्हणतो होताच. पण त्या ढिलेपणानं तुमच्या यजमानांना लागलेलं नाही. चूक आणि इजा यांना जोडणारा धागा लागतो, तो इथे तुटलेला आहे. नोटिशीत जाळीचं रडगाणं गायलं की पलीकडचा वकील मैदानाचा नकाशा काढून तुमच्यासमोर ठेवेल.

हाच मनुष्य साइटस्क्रीनशेजारी, नेहमी जिथे जाळी असते तिथे बसला असता तर मी तुम्हाला उलट पत्र लिहिलं असतं. मंडळानं स्वतःच ओळखलं होतं की इथे चेंडू येतो, म्हणून जाळी बांधली. मग सजावटीसाठी ती सोडली, आणि तरी तिथेच खुर्च्या मांडल्या. नेहमी येणारा माणूस जाळीच्या भरवशावर तिथे बसतो, ती नाही हे त्याला ठाऊकही नसेल. न दिसलेला धोका कुणी पत्करला असं म्हणता येत नाही. तेव्हा दोन्ही दारं उघडली असती.

म्हणून एक काम करा, पैशाचं नाही, फक्त खात्रीचं. हल्ली गावच्या स्पर्धाही यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात आणि मोबाइलच्या स्कोअरिंग ॲपवर प्रत्येक चेंडूची नोंद असते. ज्यानं कॅमेरा लावला होता त्याच्याकडून ते षटक कापून घ्या. गोलंदाजी कुठल्या टोकाकडून होती, चेंडू नेमका कुठून आला, खुर्च्या तिथे मंडळानं मांडल्या होत्या की लोकांनी नेल्या, दोरी नेहमीपेक्षा आत घेतली होती का, हे त्यात दिसेल. शेवटचे दोन मुद्दे मला थोडे खुपतात. मंडळानंच दोरी आत ओढून तिला लागून खुर्च्यांची रांग लावली असेल, तर निदान बोलण्याजोगं काहीतरी आहे. पण तुमच्याच शब्दांत "झाडाखाली खुर्ची टाकून बसले" आहे. खुर्ची टाकली कुणी? यांनी स्वतः टाकली असेल तर तोही मुद्दा गेला.

पासामागच्या बारीक अक्षरांबद्दल. त्या ओळीला घाबरू नका आणि तिच्यावर चिडूही नका, तुमच्या प्रकरणात तिचं वजन शून्य आहे. ती नसती तरी षटकाराबद्दल मंडळ जबाबदार ठरलं नसतं. आणि गॅलरीच कोसळली असती तर ती ओळ मंडळाला वाचवू शकली नसती. कुजक्या फळ्यांची गॅलरी हा खेळातला धोका नव्हे. क्रिकेट बघायला आलेला माणूस चेंडूला राजी असतो, कुजक्या फळीला नाही.

हा फरक माझ्या आवडत्या एका खटल्यात फार मजेदार रीतीनं आला. सांगतो, कारण भाच्याला उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या बेसबॉल संघाचा एक शुभंकर आहे, सिंहाचा वेष केलेला माणूस. दोन डावांच्या मध्ये तो प्रेक्षकांत हॉट डॉग भिरकावतो. हॉट डॉग म्हणजे पावात घातलेलं सॉसेज, चकचकीत कागदात गुंडाळलेलं. २००९ मध्ये असं एक पुडकं एका प्रेक्षकाच्या डोळ्यावर बसलं आणि त्याच्या डोळ्याचा पडदा सुटला. पहिल्या ज्युरीनं सगळा दोष त्याच्यावरच टाकला, तो बघत नव्हता म्हणून. प्रकरण मिझुरी राज्याच्या सर्वोच्च कोर्टात गेलं. २०१४ मध्ये कोर्ट म्हणालं, चेंडू अंगावर येणं हा बेसबॉलचा अंगभूत धोका आहे, तो काढून टाकला तर बेसबॉल उरतच नाही. पण हॉट डॉग फेकले नाहीत तरी सामना जसाच्या तसा होतो. तेव्हा प्रेक्षकानं चेंडूचा धोका पत्करला, सिंहाच्या हॉट डॉगचा नाही. खटला पुन्हा चालवा. २०१५ मध्ये पुन्हा चालला, आणि नव्या ज्युरीनं ठरवलं की चूक कुणाचीच नाही. गृहस्थाला एक डॉलरही मिळाला नाही. संमतीचं दार उघडलं, निष्काळजीपणाच्या दाराशी तो अडला. भाच्याला परीक्षेत या खटल्यावर प्रश्न आला तर शेवट विसरू नको म्हणावं. बहुतेक मुलं २०१४ वर थांबतात.

आपल्या मैदानांवर हा मुद्दा वेगळ्या रूपात येतो. मुंबईत एकाच मैदानावर दहा-दहा सामने चालतात, एकाची लाँगऑन ती दुसऱ्याची पॉइंट. जानेवारी २०२४ मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर क्षेत्ररक्षण करणाऱ्या एका ५२ वर्षांच्या खेळाडूच्या कानामागे शेजारच्या सामन्यातला चेंडू बसला आणि तो गेला. आपला सामना समोर, आणि चेंडू येतो पाठीमागून, ज्या खेळात आपण नाही त्यातून. अशा ठिकाणी "धोका पत्करला होता" हे म्हणणं मला पोकळ वाटतं, खेळाडूबाबत आणि प्रेक्षकाबाबतही. एकाच तुकड्यावर दोन सामने लावणाऱ्यानं उत्तर दिलं पाहिजे. पण तुमच्याकडे सामना एकच होता आणि यजमान तोच बघत होते.

तसंच चेंडू कुणाला लागला हेही बघावं लागतं. कायदा "राजीखुशीनं" म्हणतो, आणि माहीत असणं म्हणजे राजी असणं नव्हे. १८९१ मधला एक इंग्लिश निकाल दगडफोडीच्या मजुराचा आहे. त्याच्या डोक्यावरून क्रेन दगड नेत असे, त्याला ते माहीत होतं, तो तरी काम करत राहिला आणि एक दिवस दगड पडला. मालक म्हणाला, माहीत होतं ना? इंग्लंडचं तेव्हाचं सर्वांत वरचं कोर्ट म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्स, त्यानं ते ऐकलं नाही. पोटासाठी उभा असलेला माणूस धोका ओळखतो, पत्करत नाही. तुमच्या मैदानावर त्या बाजूला चहाची किटली घेऊन फिरणाऱ्या पोराला तोच षटकार लागला असता, तर निदान "तू हौसेनं आलास" असं त्याला कुणी म्हणू शकलं नसतं. मंडळाचा निष्काळजीपणा मात्र त्यालाही दाखवावाच लागला असता.

मैदानाबाहेरून जाणाऱ्याचं काय, हे शेजारीपाजारी तुम्हाला विचारतीलच. त्यानं पास काढलेला नसतो, कसलीच संमती नसते, म्हणून त्याची बाजू तुमच्यापेक्षा भक्कम. तरी तोही हरू शकतो. मँचेस्टरच्या चीटम हिल भागात १९४७ मध्ये घरासमोरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईंना षटकार लागला. पुरावा असा होता की जवळपास ३० वर्षांत त्या मैदानातून चेंडू रस्त्यावर गेला तो फक्त सहाएक वेळा. १९५१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं क्लबला सोडलं. धोका इतका बारीक होता की समंजस माणूस त्यासाठी आणखी काही करणार नाही. दर रविवारी चेंडू रस्त्यावर पडत असता तर निकाल फिरला असता. म्हणून मैदानाशेजारी राहणाऱ्यांनी चेंडूंची तारखेनिशी वही ठेवावी. ज्याच्याकडे आकडा असतो त्याच्याकडे खटला असतो.

भाचा ग्राहक आयोगाचंही बोलेल. पास विकत घेतला म्हणजे तुम्ही ग्राहक, इथपर्यंत बरोबर. २०१९ च्या कायद्यानं तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यातच करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि ५० रुपयांच्या पासावर फीही लागत नाही. दार स्वस्त आहे खरं, पण आत गेल्यावर प्रश्न तोच. सेवेत कमतरता कुठली? चेंडू लागला ही कमतरता नव्हे. व्हिडिओत काही नवं दिसलं तर दोन वर्षं हातात आहेतच, म्हणून घाई नको म्हटलं.

आता १ लाख ६४ हजारांचं. इथे मी वकिलापेक्षा शेजारी म्हणून बोलतो.

आधी घरातल्या मेडिक्लेमची पॉलिसी काढा. ऑफिसमार्फत असेल, बँकेनं खात्यासोबत दिलेली असेल, ती आठवून बघा. पॉलिसी नवी असली तरी सुरुवातीच्या ३० दिवसांची अट अपघाताला लागत नाही. बिलं देण्याची मुदत उलटली असेल तर उशिराचं कारण लिहून जोडा, गप्प बसू नका. पासबुकात दर वर्षी २० रुपये कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तिच्यात मृत्यू आणि कायमचं अपंगत्व धरतात, एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली तर १ लाख. तुमच्या यजमानांची नजर शाबूत आहे, त्यामुळे तिथून काही येणार नाही. कुणी एजंट "मिळवून देतो" म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

मग अध्यक्षांकडे परत जा. भाच्याला नेऊ नका, गावात ज्यांचा शब्द चालतो असं एखादं वडीलधारं माणूस न्या. त्यांना दोन गोष्टी विचारा. स्पर्धेचा विमा काढला होता का, आणि काढला असेल तर कुठला. नुसता उत्तरदायित्वाचा असेल तर त्याचा उपयोग नाही, कारण मंडळ कायद्यानं जबाबदार ठरलं तरच ती कंपनी पैसे देते, आणि ते ठरत नाही हे मी वर लिहिलंच. पण काही आयोजक प्रेक्षकांसाठी वैयक्तिक अपघाताचं संरक्षण घेतात. त्यात चूक कुणाची हे विचारत नाहीत, अपघात झाला एवढं पुरतं. बऱ्याच वेळा अध्यक्षांना स्वतःलाच माहीत नसतं की आपण नेमकं काय विकत घेतलंय. पॉलिसीची प्रत मागा आणि मला पाठवा.

विमा नसेल तर मदत मागा. भरपाई हा शब्द वापरू नका, मदत म्हणा. भरपाई ऐकलं की अध्यक्ष वकिलाकडे पळतात आणि वकील पहिलं सांगतो, एक पैसा देऊ नका, दिला तर चूक कबूल केल्यासारखं होईल. अर्ज असा लिहा: "स्पर्धेदरम्यान चेंडू लागून झालेल्या उपचारांचा खर्च १,६४,००० रुपये झाला. मंडळानं आपल्या निधीतून शक्य ती मदत करावी ही विनंती. ही मदत कुणाचीही जबाबदारी मान्य केल्याचं समजलं जाणार नाही." शेवटचं वाक्य तुम्हाला खटकेल, पण तेच त्यांचा हात सैल करतं. एक अंतिम सामना यांच्या नावानं ठेवून गल्ला द्या, असंही सुचवता येईल. मी दोन गावांत तसं झालेलं बघितलंय, आणि एका ठिकाणी बिलाहून जास्त जमलं होतं. मदत देताना त्यांनी "यापुढे कोणताही दावा करणार नाही" अशी सही मागितली तर व्हिडिओ बघेपर्यंत ती देऊ नका.

अर्जाला डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि बिलं जोडा, पण सगळ्यांच्या झेरॉक्स. मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांना लागतात आणि मंडळाच्या कपाटात गेलेला कागद परत येत नाही.